लंबक नोंद ३ : ऊर्जा वाढली कुठून?

या शनिवारी झोपाळा काढला आणि त्याच्या कडीला स्प्रिंगचा काटा अडकवून खाली ओळंबा सोडला. जांभळी नाक्यावरून आणलेला गवंड्याचा ओळंबा, वजन 500 ग्रॅम. त्याला सुरीच्या पात्यावर तोलून गुरुत्वमध्य शोधला आणि लांबी कडीपासून नाही, दोरा सुरू होतो तिथपासून त्या खुणेपर्यंत मोजली : 1.5 मीटर.

ओळंबा 60 अंशांवर आडव्या दोऱ्याने बांधून ठेवला आणि तो दोरा उदबत्तीने जाळला. हाताने सोडलं की नकळत ढकललं जातं, हे मागच्या वेळी कळलंच होतं.

60 अंशांवरून ओळंबा L(1 − cos θ), म्हणजे 0.75 मीटर खाली येतो. गमावलेली सगळी स्थितिज ऊर्जा गतिज झाली, तर v = √(2 × 9.8 × 0.75), म्हणजे सेकंदाला 3.83 मीटर. मोबाइलवर 240 फ्रेमने शूट केलं. तळाशी 12 फ्रेममध्ये, म्हणजे 0.05 सेकंदात, ओळंबा मागच्या फळीवरच्या टेपपुढून 20.8 सेंमी सरकला. वेग आला 4.16!

वेगाचा वर्ग घेतला तर ही ऊर्जा जवळपास 18 टक्के जास्त. हवेच्या विरोधाने आकडा कमी यायला हवा, जास्त येणं शक्यच नाही. दोनदा पुन्हा केलं, तेच. मग बाजूला उभा राहिलो तेव्हा दिसलं : फळी ओळंब्याच्या 20 सेंमी मागे होती आणि मोबाइल ओळंब्यापासून 2 मीटरवर. ओळंब्याची सावलीसारखी वाढीव सरक टेपवर मोजत होतो. 20.8 ला 2.2 ने भागून 2 ने गुणलं, 18.9 सेंमी. वेग 3.78. आता हिशेब बसला, आणि थोडा कमी आहे तो योग्य बाजूने.

ताणाची गंमत याहून मोठी. तळाशी दोऱ्याला वजन तर पेलायचंच, शिवाय ओळंब्याला वर्तुळात वळवण्यासाठी mv²/L एवढं बलही द्यायचं. v² ची किंमत घातली की T = mg(3 − 2 cos θ). L उडून जातो! 60 अंशांसाठी ताण वजनाच्या दुप्पट, म्हणजे काट्यावर 1 किलो. काट्याचाही व्हिडिओ घेतला होता. तळाशी काटा 960 ते 990 ग्रॅमच्या मधे थरथरत होता. स्प्रिंग स्वतःच हलते, त्यामुळे यापेक्षा बारीक वाचन या काट्यावर होणार नाही.

L खरंच उडतो का, म्हणून दोरा निम्मा केला, 75 सेंमी. वेग 2.71 वर उतरायला हवा आणि तो साधारण तेवढाच आला. काटा मात्र पुन्हा तिथेच, किलोच्या जरा अलीकडे.

मग 90 अंशांचा मोह झाला. तिथे ताण तिप्पट, 1.5 किलो. माझा दोरा आधी पाण्याच्या बाटल्या टांगून तपासलेला, 1.3 किलोला तुटणारा. तो तळापर्यंत पोचायच्या आत, उभ्या रेषेपासून 30 अंश अलीकडेच तुटायला हवा होता. तुटला. नेमका कुठे, ते फ्रेममध्ये सापडलं नाही, कारण ओळंबा सोफ्याखाली गेला आणि आईने विचारलं, "झोपाळा आज लागणार आहे का रे परत?"