दुकानात आलं की मेसेज येतात

"दादा, फोन चालू, नेट चालू, तरी मेसेज तासाभराने येतात. आणि तुमच्या दुकानात आलं की लगेच! असं कसं?"

कारण इथे तुमचा फोन झोपतच नाही. काउंटरवर आला की मी सवयीने चार्जर लावतो, वायफाय दुकानाचं असतं आणि तुम्ही दर मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघता. घरी तोच फोन चार्जरशिवाय, स्क्रीन बंद, उशाशी गप्प पडलेला असतो. 2015 साली अँड्रॉइड 6 मध्ये बॅटरी वाचवायला डोझ नावाची सोय आली, ती नेमकी अशाच फोनसाठी. अ‍ॅपचं नेट थांबवायचं, मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडायची, साचलेलं काम त्यात उरकायचं. फोन जितका जास्त वेळ पडून, तितक्या त्या खिडक्या लांब लांब.

पण सगळं खापर डोझवर फोडू नका. चॅटच्या अ‍ॅपला सर्व्हरवरून तातडीचा निरोप धाडून डोझमधूनही उठवता येतं. तरीही मेसेज अडकत असतील तर बहुधा वरून कोणीतरी आणखी एक कुलूप लावलेलं असतं. आणि बरेचदा ते कुलूप माझ्यासारख्यानेच लावलेलं असतं. हे सांगायला मला आवडत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून.

आमच्याकडे एक टेम्पोवाला येतो. पुण्याला मार्केट यार्डात भाजी नेतो. "बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही," म्हणाला. मी सेटिंगमध्ये गेलो आणि बॅटरी खाणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत वरून पाच अ‍ॅप Restricted करून टाकली, म्हणजे मागे चालायला त्यांना मनाई. त्यात व्हॉट्सअ‍ॅपही होतं. शिवाय ज्ञान दिलं, "रात्री झोपताना रिसेंटमधलं सगळं साफ करत जा." पैसे घेतले नाहीत, याचाही तेव्हा अभिमान होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो शटर उघडायच्या आधीच उभा. रात्री 3:10 ला व्यापाऱ्याने टाकलं होतं, "गाडी लाव, कोबी तयार आहे." याने 5:40 ला उठून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तेव्हा ते दिसलं. माल दुसऱ्या गाडीने गेला होता. व्यापारी म्हणे, "फोन बंद ठेवून झोपतोस आणि भाडं मागतोस." मी आधी नेटवर्कवर ढकललं. खरं तर मला तेव्हाच शंका आली होती.

मग त्याला व्यापाऱ्याकडून मेसेज इन्फोचा स्क्रीनशॉट मागवायला लावला. तिथे Delivered ची वेळ असते. ती 3:10 असती तर मेसेज फोनपर्यंत आला, फक्त वाजला नाही, असा अर्थ झाला असता. म्हणजे म्यूट किंवा नोटिफिकेशनची सेटिंग तपासायची. इथे वेळ होती 5:40. तोवर एकच टिक. मेसेज सर्व्हरवरच पडून होता आणि याने अ‍ॅप उघडल्यावर आत आला. फोन रात्रभर चालू होता. बंद मी केला होता.

Restricted केलेल्या अ‍ॅपपर्यंत तो उठवणारा निरोपही पोचेलच असं नाही. रिसेंट साफ करण्याचंही तसंच: काही ब्रँडच्या फोनमध्ये नुसतं सरकवलं तरी अ‍ॅप मुळापासून बंद होतं आणि तुम्ही हाताने उघडेपर्यंत गप्प राहतं. वर्षानुवर्षं मी हाच सल्ला वाटत होतो. उलट बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायलाच बॅटरी जास्त लागते.

त्याच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची बॅटरी Unrestricted केली, ऑटोस्टार्ट चालू केलं. मग डेटा सेव्हर बघितला, तर तोही चालू. तो माझा नव्हे, त्याच्या मुलाचा पराक्रम. हा मोबाइल डेटावर मागे चालणाऱ्या अ‍ॅपचं नेट तोडतो, म्हणून दुकानाच्या वायफायवर कधी कळलाच नसता. तिथेही व्हॉट्सअ‍ॅपला मोकळीक दिली. मग वायफाय तोडून, चार्जर न लावता फोन तासभर ड्रॉवरमध्ये ठेवला आणि माझ्या फोनवरून मेसेज टाकला. ड्रॉवर वाजला.

आता मला म्हणाल, सगळ्यांनाच Unrestricted का करत नाही? कारण सगळी अ‍ॅप मोकळी सोडली की तेच लोक पंधरा दिवसांनी बॅटरीची तक्रार घेऊन परत येतात. आणि फोन अपडेट झाला की काही वेळा सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी होते, तेव्हाही शिव्या मलाच. मी एक-दोन अ‍ॅप मोकळी करतो, बाकी तशीच ठेवतो. हे बरोबर की चूक, माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

टेम्पोवाल्याने व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय, माल असला की फोनच करा. गेल्या आठवड्यात तो कव्हर घ्यायला आला होता. कव्हर त्याने स्वतःच बसवलं, फोन काही माझ्या हातात दिला नाही.