खारीच्या चार टाळ्या

तिसरीत शनिवारचा शेवटचा तास कवितेचा असे. बाई फळ्यावर नुसतं ‘आर’ लिहायच्या आणि पहिल्या बाकापासून प्रत्येकाने क पासून एकेक व्यंजन त्याला लावायचं. कार, खार, गार, घार... वाक्यात वापरून दाखवता आला नाही तर तो शब्द पुसला जाई. एकाने ‘घर’ म्हटलं तेव्हा बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून ‘खार, घर’ म्हणायला लावलं. शेवटी र असला तरी आधीचा स्वर जुळत नाही, हे आम्हाला कानानेच कळलं. दुसऱ्या फेरीत लांब शब्द आले: अंधार, कुंभार, झुपकेदार. हे शब्द पाटीच्या उजव्या कडेला लिहून ठेवायचे आणि ओळ त्यांच्यापर्यंत आणायची, ही बाईंची पद्धत.

मी खार घेतली. ‘झाडावरती बसली खार.’ सगळ्या वर्गाने टाळ्या दिल्या: झाडा, वरती, बसली, खार. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर एक, अशा चार टाळ्या. ‘खार’ जरा कमी भरते, पण ओळीच्या शेवटी आवाज लांबवता येतो, तिथे श्वासही घेता येतो.

दुसरी ओळ मी केली ‘शेपुट तिचे झुपकेदार’. टाळी ‘तिचे’वर पडली आणि पुढची पडायच्या आतच आमचा शब्द संपला. निम्मा वर्ग ‘झुपके’ म्हणून मोकळा, निम्मा थांबलेला. मी ‘तीचे’ असं ओढून पाहिलं. बाई म्हणाल्या, “घरी बोलताना म्हणतेस का गं असं?” लिहिताना ‘शेपूट’ दीर्घ असतं, तरी ‘शेपुट’ त्यांनी चालवून घेतलं, कारण ते कानाला खटकत नव्हतं. ‘तीचे’ मात्र खटकत होतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मोठे’ सुचवलं आणि ओळ बसली.

पुढे नववीत लघु-गुरू शिकले तेव्हा उलगडा झाला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘वरती’च्या चार, ‘मोठे’च्या चार, ‘तिचे’च्या तीनच. ‘पुस्तक’सुद्धा एका टाळीत बसतं, कारण जोडाक्षराचा आघात येऊन ‘पु’ गुरू होतो. आमचे हात हे आधीच मोजत होते. बाईंनी तिसरीत ‘मात्रा’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता, आणि ते मला आजही फार योग्य वाटतं. आकडे आधी आले असते तर आम्ही बोटं मोजत बसलो असतो, ओळ ऐकली नसती.

उरलेल्या दोन ओळी वर्गाने मिळून केल्या. अख्खी कविता अजून पाठ आहे:

झाडावरती बसली खार
शेपुट मोठे झुपकेदार
शेंगा दिसता आली खाली
मोजुन खाई दाणे चार