घरातली जुनी पुस्तकं ऑनलाइन विकताना

सासऱ्यांच्या पश्चात नाशिकचं घर आवरलं तेव्हा पुस्तकांची चार कपाटं निघाली. दीर-जावेने आणि नणंदेने त्यांना हवी ती आधी निवडून नेली. आम्हीही आमची ठेवली. तरी कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, नाटकं असं बरंच उरलं. रद्दीत घालायला मन होईना, म्हणून मी ती फेसबुकवरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पुस्तकांच्या गटांत विकायला काढली.

विक्रीला काय ठेवायचं नाही, हे आधी ठरवलं. अभ्यासक्रम बदललेली गाइडं आणि जुन्या वर्षांचे स्पर्धा परीक्षांचे संच कुणाच्या उपयोगाचे नसतात. फूटपाथवर मिळणाऱ्या चोरट्या छपाईच्या प्रती मी बाजूला काढल्या. धूसर छपाई, वाकडी कापलेली पानं आणि पातळ मुखपृष्ठ यावरून त्या लगेच कळतात. दोन-तीन पुस्तकांवर एका वाचनालयाचा शिक्का होता. वाचनालयाने पुस्तक रद्द केलं असेल तर तसा शिक्का किंवा सही असते. ती नसेल तर ते पुस्तक अजून वाचनालयाचंच आहे. म्हणून ती तिथे नेऊन दिली.

राहिलेलं प्रत्येक पुस्तक मी ठरलेल्या क्रमाने तपासलं, कारण नुसतं चाळलं तर दोष निसटतात. आधी बाहेरून: पुठ्ठा, कोपरे, कणा, वेष्टन आहे का. मग पुस्तक उभं धरून वरून पाहायचं. पानांची कड सगळीकडे सारखी पिवळी असेल तर ते वय झालं. मध्येच एखादा पट्टा गडद असेल तर तिथे पाणी लागलेलं असतं. मग आतली आवृत्तीची नोंद. मराठी पुस्तकांत कधी नुसता शक दिलेला असतो, तेव्हा त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शक १८९० म्हणजे १९६८. काही पुस्तकांत वर्षाआधी ‘गुढीपाडवा’ किंवा ‘दसरा’ असंही छापलेलं असतं. त्या पानावर आधीच्या आवृत्त्यांची यादी असेल तर ती पूर्ण वाचावी. जुना कागद आणि जुनं मुखपृष्ठ पाहून पुष्कळ जण ‘पहिली आवृत्ती’ लिहून मोकळे होतात, आणि आत तिसरं पुनर्मुद्रण निघतं.

मग पानं मोजायची. हे कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. नुसता शेवटचा आकडा पाहून चालत नाही. जुन्या बांधणीत फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला सोळा पानांचा एखादा गठ्ठा, गळलेला असू शकतो, किंवा तोच फर्मा दोनदा शिवलेला असतो. फोटो आणि नकाशे बहुधा पृष्ठसंख्येत धरलेले नसतात, म्हणून चित्रसूची असेल तर तिच्याशी ताडून पाहायचे. प्रवासवर्णनांत मागच्या खिशातला घडीचा नकाशा सगळ्यात आधी हरवतो.

सगळ्यात जास्त वेळ किडीकडे द्यावा लागतो. कसर कागदाचा वरचा थर आणि बांधणीची खळ खाते. तिच्यामुळे मुखपृष्ठावर खरवडल्यासारखे चट्टे पडतात. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोकं वेगळी. ती लहान भुंगेऱ्याच्या अळीची असतात. भोकं जुनी आहेत की कीड अजून चालू आहे, हे कळायला पुस्तक पांढऱ्या कागदावर हलकेच आपटायचं, तोच कागद झटकून खाली ठेवून पुस्तक आठवडाभर वेगळं ठेवायचं आणि पुन्हा आपटायचं. दुसऱ्यांदाही ताजी भुकटी पडली तर ते पुस्तक विकायचं नाही, कारण ते घेणाऱ्याच्या कपाटात ती कीड आपणच पाठवतो. बुरशीचंही तसंच. सुट्टे तपकिरी ठिपके जुन्या कागदावर येतात आणि त्यांनी वाचनाला अडथळा होत नाही. पण कुबट वास आणि बोटाला लागणारी राखाडी पूड असेल तर ती बुरशी. नाशिकपेक्षा कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या पुस्तकांत ती जास्त दिसली. वास फोटोत दिसत नाही, म्हणून तो शब्दांत लिहावाच लागतो.

‘पुस्तक जुनं पण सुस्थितीत’ हे वाक्य मी एकाही जाहिरातीत वापरलं नाही. सगळेच ते लिहितात आणि त्यातून काहीच कळत नाही. मी तीन वर्ग ठरवले. पहिला ‘नव्यासारखं’, ज्यात नावसुद्धा लिहिलेलं नाही. दुसरा ‘उत्तम’, ज्यात वापराच्या खुणा आहेत पण बांधणी घट्ट आणि पानं स्वच्छ. तिसरा ‘वाचनापुरतं’, ज्यात डाग, अधोरेखनं, सैल बांधणी असेल पण मजकूर पूर्ण. दोन वर्गांत घोटाळा झाला की खालचा द्यायचा. वर्गाखाली दोष एकेक करून, पान क्रमांकासह. एका कादंबरीची माझी नोंद अशी होती:

‘दुसरी आवृत्ती, १९६८. पुठ्ठा बांधणी, वेष्टन नाही. ३१२ पानं, सर्व आहेत. कागद पिवळा, पण वाकवल्यावर तुटत नाही. पहिला फर्मा शिवणीत सैल, सुटलेला नाही. पान ४१ ते ५६ वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग, मजकूर वाचता येतो. कोऱ्या पानावर शाईने मालकांचं नाव आणि तारीख. अधोरेखनं नाहीत. वास नाही. वर्ग: वाचनापुरतं.’

‘कागद तुटत नाही’ हे मुद्दाम लिहिलं. त्या काळच्या स्वस्त लगद्याच्या कागदात आम्ल असतं. तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी पान उलटताना कोपरा हातात येतो. नुसतं पिवळं पान आणि ठिसूळ पान यांत घेणाऱ्याच्या दृष्टीने फार फरक आहे.

फोटो सकाळी खिडकीपाशी काढले, थेट ऊन नसताना. पिवळ्या दिव्याखाली चांगला कागदसुद्धा जुनाट दिसतो. उलट फोनमधली आपोआप उजळ करणारी सोय डाग पुसून टाकते, म्हणून ती बंद केली. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवला की पानाचा खरा रंग कळतो. प्लास्टिकचं कव्हर असेल तर काढायचं आणि फ्लॅश वापरायचा नाही, नाहीतर मुखपृष्ठावर नुसती चमक येते. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, आवृत्तीचं पान आणि वरून दिसणारी पानांची कड हे फोटो प्रत्येक पुस्तकाचे घेतले. त्यानंतर सगळ्यात वाईट दोषाचा जवळून एक. त्या कादंबरीचा तसा फोटो पान ४८ चा होता, कारण डाग तिथे सर्वांत मोठा होता. जुनं पुस्तक फोटोसाठी सपाट उघडू नये, कणा तडकतो. अर्धवट उघडून एका बाजूला दुसऱ्या पुस्तकाचा आधार दिला की पुरतं. भेट देणाऱ्यांची नावं, पत्ते, आत राहिलेली पत्रं फोटोत येऊ द्यायची नाहीत. अशी पत्रं मी काढून घरच्यांना दिली.

किमतीसाठी पहिला प्रश्न एकच: हे पुस्तक आज नवीन मिळतं का? वरच्या कादंबरीची नवी आवृत्ती ४०० रुपयांना होती आणि सवलतीत ३२० ला मिळत होती. ज्याला नुसती वाचायची आहे तो ३२० शीच तुलना करणार. स्वच्छ जुनी प्रत त्याच्या निम्म्याला, म्हणजे १६० ला जावी. डाग आणि सैल फर्मा यांचे ४० कमी करून मी १२० सांगितले. जुन्या प्रतीवर छापलेले १२ रुपये या हिशेबात कुठेच येत नाहीत. त्याच कादंबरीची १,५०० रुपयांची जाहिरातही मला दिसली होती. पण कुणीतरी मागितलेली किंमत ही कुणी दिलेली किंमत नसते. ती जाहिरात बरेच दिवस तशीच पडून होती. मी गटातल्या ‘विकले’ अशी खूण असलेल्या नोंदीच पाहत असे.

नवीन मिळत नाही अशा पुस्तकांचं गणित वेगळं. सासऱ्यांकडे एका तालुक्याच्या इतिहासाची पुस्तिका होती, स्थानिक मुद्रणालयात छापलेली. तुलनेला काहीच नव्हतं. मी २५० रुपये लिहिले आणि थोड्याच वेळात बरेच मेसेज आले. एकाने दुप्पट देऊ केले. मी ती पहिल्यांदा ‘मला हवी’ म्हणणाऱ्या शिक्षकांना २५० लाच दिली. मागणी कळल्यावर किंमत वाढवायची असेल तर बोली लावतो असं आधीच सांगायला हवं. आकडा जाहीर केल्यावर तो पाळायचा, असं मला वाटतं.

घासाघीस होतेच. ‘ताई, तीन घेतो, काहीतरी कमी करा,’ असं कुणी म्हटलं तर मी करत असे, कारण एका पार्सलात तीन गेली की माझंही काम वाचतं. एकाच पुस्तकावर मात्र नाही, कारण दोषाचे पैसे आधीच वजा झालेले असतात. पैसे यूपीआयने घेतले. ‘क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ असं म्हणणाऱ्यांना तिथेच थांबवायचं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

टपालखर्च मी किमतीपासून वेगळा लिहिला. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा मे २०२५ पासून आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ते रस्त्याने आणि रेल्वेने जातं म्हणून वेळ लागतो, तो आधी सांगितलेला बरा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं आणि नियतकालिकं त्यात चालत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक साध्या पार्सलने पाठवले. पाठवताना पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे खोक्याचे पुठ्ठे. मार कोपऱ्यांना बसतो, म्हणून पुठ्ठा पुस्तकाच्या मापाचा असून भागत नाही. चिकटपट्टी पुस्तकाला कुठेही लागता कामा नये. बांधण्याआधी आणि बांधल्यावर एकेक फोटो काढून मी घेणाऱ्याला पाठवत असे. एक पार्सल वाटेत भिजलं, तेव्हा त्या फोटोंमुळे दोघांनाही कळलं की पुस्तक निघताना कोरडं होतं. आत पिशवी असल्यामुळे फक्त पुठ्ठे ओले झाले होते.

दोन महिने नोंद राहूनही जी गेली नाहीत, त्यांची किंमत एकदा तिसऱ्या हिश्श्याने उतरवली. त्यातूनही उरली ती गावच्या वाचनालयाला विचारून, त्यांनी यादीतून निवडली तेवढीच दिली.