जबड्याखालचा हिरवा रंग काढताना झालेली माझी फजिती

मैत्रिणीचे फोटो काढले होते हिरव्या भिंतीला अगदी चिकटून, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मस्त दिसत होते. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले तर जबडा आणि मान पार शेवाळ धरल्यासारखी!

आधी व्हाइट बॅलन्स हलवून बघितला. जबडा सुधारला पण दुसरा गाल, ज्यावर भिंतीचा उजेड पडतच नव्हता, तो गुलाबी झाला. मग फोटोशॉपमध्ये Hue/Saturation घेतलं, Greens निवडून सॅच्युरेशन सरळ -100 वर आणलं आणि काय, भिंत राखाडी झाली, मान मात्र होती तशीच 😅

इथे बराच वेळ गेला माझा. शेवटी आयड्रॉपर लावून आकडे बघितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चांगल्या गालावर सावलीतल्या जागी R 172, G 128, B 104 आणि जबड्यावर R 158, G 146, B 96. म्हणजे डोळ्याला हिरवं वाटतंय पण लालच सगळ्यात जास्त आहे, त्वचेचा मूळ रंग नारिंगीकडे असतो ना, त्यावर हिरवा उजेड पडला की मळकट पिवळा होतो. मग Greens मध्ये तो सापडणार कसा, तो Yellows मध्ये बसलेला!

Yellows निवडून Hue -25 केलं आणि मान एकदम माणसात आली. बाकी चेहराही जरा लालसर झाला म्हणून Ctrl+I दाबून मास्क काळा केला आणि मऊ ब्रशने, फ्लो 10 ठेवून, फक्त जबडा आणि मानेवर हळूहळू पांढरं रंगवत गेले. ह्यू असा फिरवल्याने तो भाग किंचित गडदही होतो, तो होऊ द्या, कारण तिथे सावलीच असायला हवी होती, भिंतीच्या उजेडाने ती उजळली होती. Color मोडच्या लेयरवर गालाचा रंग घेऊन रंगवायचंही करून बघितलं होतं, पण त्यात ब्राइटनेस जुनाच राहतो, त्यामुळे मान पावडर थापल्यासारखी दिसायला लागली.

त्याच दिवशीच्या एका फोटोत तिने केशरी जॅकेट घातलंय, हनुवटीखाली त्याचा रंग चढलाय आणि हे मला जास्त जड गेलं, कारण केशरी आणि त्वचा दोन्ही जवळपास एकाच रंगाचे, ह्यू फिरवून वेगळे होतच नाहीत. तिथे मास्क करून सॅच्युरेशन -20 केलं, बास. पहिल्यांदा -45 केलं होतं तर हनुवटी आजारी माणसासारखी राखाडी पडली. आणि जॅकेट फोटोत दिसतंय म्हटल्यावर त्याची थोडी झाक राहिलेलीच बरी, सगळी पुसली की डोकं दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवल्यासारखं वाटतं. मी शेवटी त्या लेयरची ओपॅसिटी 70 वर आणून सोडून दिलं.