लॅपटॉपच्या पोर्टवरून फोन इतका हळू का चार्ज होतो?

माझ्या कामात फोन दिवसभर लॅपटॉपला जोडलेला असतो, कारण लिहिलेले अ‍ॅप त्यावरच तपासून पाहावे लागते. एवढा वेळ जोडलेला असूनही संध्याकाळी बॅटरी सकाळच्या आकड्याच्या फारशी पुढे गेलेली नसे. स्क्रीन सतत चालू राहिली तर ती उलट खालीच येई. तोच फोन, तीच केबल भिंतीवरच्या चार्जरला लावली की चार्जिंग व्यवस्थित होत असे. त्यामुळे बॅटरी खराब झाल्याची शंका मी आधीच बाजूला ठेवली आणि पोर्टमधून प्रत्यक्षात किती वीज येते ते मोजायचे ठरवले.

त्यासाठी पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी मीटर पुरतो. लॅपटॉपच्या साध्या, काळ्या रंगाच्या पोर्टवर त्याने ५ व्होल्टच्या आसपास दाब आणि ०.४६ अँपिअर प्रवाह दाखवला, म्हणजे सुमारे २.३ वॉट. माझ्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि तिचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरला तर तिच्यात साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्ज होताना काही भाग उष्णतेत जातो हे लक्षात घेऊन बॅटरीपर्यंत दोन वॉट पोचतात असे मानले, तरी रिकामा फोन कोणी हात न लावता भरायला साडेनऊ तास लागतील. त्यात स्क्रीन चालू असेल तर फोन स्वतःच एक ते दीड वॉट खातो. उरलेल्या अर्ध्या-एक वॉटवर टक्के वाढताना दिसणार तरी कसे?

०.४६ हा आकडा योगायोगाने आलेला नव्हता. यूएसबी २.० च्या नियमानुसार जोडलेले उपकरण सुरुवातीला १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ शकत नाही. संगणकाने त्याची ओळख पटवून परवानगी दिल्यावर ही मर्यादा ५०० मिलिअँपिअर होते आणि तिथेच थांबते. समोर डेटा देणारा संगणक आहे हे फोनला कळले की तो या मर्यादेत राहतो. पोर्टमध्ये यापेक्षा जास्त प्रवाह देण्याची ताकद असली तरी फोन ती मागत नाही. फोन स्वतः काय समजून बसला आहे हे अँड्रॉइडमध्ये पाहता येते. माझ्याकडे विकसकांची साधने होतीच, म्हणून मी ही आज्ञा चालवली:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
USB powered: true
Max charging current: 500000
Max charging voltage: 5000000
```

हे आकडे मायक्रोअँपिअर आणि मायक्रोव्होल्टमध्ये असतात, म्हणजेच ०.५ अँपिअर आणि ५ व्होल्ट. मीटर आणि फोन दोघेही एकच गोष्ट सांगत होते.

शेजारच्या निळ्या पोर्टकडून मला अधिक अपेक्षा होती, कारण यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर आहे. मीटरचा आकडा मात्र तसूभरही हलला नाही. याचे कारण केबलमध्ये होते. जास्तीचा प्रवाह यूएसबी ३.० च्या वेगाने जोडल्या गेलेल्या उपकरणासाठी असतो, आणि चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बहुतेक केबलमध्ये त्या वेगाच्या जास्तीच्या तारा नसतातच. अशा केबलने जोडलेला फोन निळ्या पोर्टवरही यूएसबी २.० चे उपकरण ठरतो आणि जुन्याच मर्यादेत अडकतो.

दुसऱ्या बाजूला बॅटरीचे छोटे चिन्ह असलेला एक पोर्ट होता. अशा पोर्टवर डेटाही चालतो आणि चार्जिंगही: जोडणीच्या क्षणी फोन डेटाच्या तारांवर ठरावीक दाब देऊन पाहतो, पोर्ट ठरावीक प्रत्युत्तर देतो आणि त्यावरून इथे १.५ अँपिअरपर्यंत घेता येईल हे फोनला कळते. मीटरवर १.४ अँपिअर दिसले, म्हणजे आधीच्या तिप्पट. हाच प्रयोग टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचणाऱ्या दोन मीटर लांब, बारीक केबलने केला तेव्हा आकडा ०.७ च्या आसपास घसरला. बारीक तांब्याच्या तारेला विरोध जास्त, आणि प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्याने दोन मीटरच्या केबलमध्ये तारेची लांबी चार मीटर होते. प्रवाह वाढला की फोनच्या टोकाशी दाब पडतो आणि तो फार खाली जाऊ नये म्हणून फोनमधला चार्जिंगचा चिप स्वतःच मागणी कमी करतो. अर्ध्या अँपिअरला हा तोटा जाणवतही नाही, त्यामुळे साध्या पोर्टवर चांगली केबल आणि वाईट केबल सारखीच वाटते.

सर्वांत मोठा फरक टाइप-सी पोर्टने पडला, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावल्यावरच. या पोर्टमध्ये किती प्रवाह मिळेल हे सांगायला वेगळी तार असते. तिच्यावरच्या रोधकाच्या मूल्यावरून साधी मर्यादा, १.५ अँपिअर किंवा ३ अँपिअर यांपैकी काय उपलब्ध आहे ते फोन ओळखतो. एका टोकाला जुना चौकोनी प्लग असलेल्या केबलमध्ये हा रोधक केबलमध्येच बसवलेला असतो आणि नियमानुसार तो फक्त साधी मर्यादा सांगतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने जोडल्यावर त्याच आज्ञेच्या उत्तरात 3000000 हा आकडा आला. ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॉट. काम चालू असतानाही टक्के वाढताना दिसू लागले.

याच पोर्टमधून माझा लॅपटॉप स्वतः ६५ वॉटने चार्ज होतो, म्हणून फोनलाही तेवढेच मिळावेत असे कोणाला वाटेल. पण आत घेण्याची आणि बाहेर देण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच लॅपटॉप या पोर्टमधून फक्त ५ व्होल्टच बाहेर देतात, आणि भिंतीवरचा जलद चार्जर ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त देऊन जो वेग गाठतो तो इथे मिळत नाही. काही लॅपटॉप स्वतः बॅटरीवर चालत असताना ३ अँपिअरची मर्यादा १.५ वर आणतात. माझाही तसेच करतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर फोनचे चार्जिंग अचानक मंदावले तर आधी हे तपासावे.

बॅटरीच्या चिन्हाचा पोर्ट लॅपटॉप झोपेत असतानाही वीज देतो, पण त्यासाठीचा पर्याय बायोसमध्ये चालू असावा लागतो; माझ्या लॅपटॉपमध्ये तो मुळात बंद होता. लॅपटॉप झोपल्यावर डेटाची देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे असे काही पोर्ट तेवढ्या वेळेपुरते भिंतीवरच्या साध्या चार्जरसारखी ओळख देतात. टाइप-सी पोर्ट मॉनिटरने व्यापलेला असतो त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपचे झाकण मिटून फोन आखूड केबलने या पोर्टला लावून ठेवतो, आणि परत येईपर्यंत दुपारपुरते चार्जिंग झालेले असते.