तूळ राशीच्या तीन ओळी

"मासिकात नि मोबाईलवर आठवड्याचं प्रेमभविष्य येतं, ते लिहितात तरी कसं? आणि दरवेळी माझ्यासाठीच लिहिल्यासारखं का वाटतं?"

शुक्र मेषेत आहे असं धरा. तुळेपासून मोजलं की मेष सातवी येते, आणि सातवं स्थान जोडीदाराचं. धनूला तीच मेष पाचवी, म्हणजे प्रेमाची. प्रत्येक राशीला पहिलं स्थान धरून असं बारा वेळा मोजायचं, की आठवड्याचा साचा तयार. पण शुक्र एका राशीत साधारण महिनाभर राहतो, म्हणून लागोपाठचे तीन-चार आठवडे सारखेच निघतील. फरक चंद्र देतो. तो सव्वादोन दिवसांत रास बदलतो. चंद्र मेषेत बुधवारी-गुरुवारी येत असेल, तर तुळेच्या मजकुरात तेच वार पडतात.

आता ओळी. "जवळच्या माणसाचं मन ओळखताना थोडी घाई होईल. तुम्ही मोकळ्या स्वभावाचे, पण मनातलं सगळं सगळ्यांना सांगत नाही. बुधवार-गुरुवारचा एखादा निरोप जुना विषय वर काढेल."

निपाणीतली सासुरवाशीण 'जवळचं माणूस' म्हणजे नवरा समजते, टिळकवाडीतला कॉलेजचा मुलगा मैत्रीण समजतो. इथे 'नवरा' लिहिला असता तर तो मुलगा तिथेच सुटला असता. दुसऱ्या ओळीत स्वभावाच्या दोन्ही बाजू आल्यात, त्यामुळे ती कुणालाच खोटी वाटत नाही. तिसरीत वार नेमका आहे, घटना मात्र सैल. दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप कुणाला येत नाही? 'घाई'चा बारीक चिमटाही लागतोच, कारण नुसती स्तुती वाचणाऱ्याला खोटी वाटते.

उरलेलं काम वाचणारा करतो. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीवरून काढलेलं स्वभाववर्णन' म्हणून कागद दिले. सगळ्यांचा मजकूर एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या एका पुस्तकातली होती. वर्णन किती जुळतं याला मुलांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. आपल्याच नावाने आलेला कागद आपण आपल्याच आठवणींनी भरून वाचतो.

आपल्याकडे याचा पडताळा घरीच मिळतो. रेणुका नावाच्या मुलीची नावरास 'रे'वरून तूळ. जन्म 25 मेचा असेल, तर जन्मतारखेवरून सूर्यरास काढणारं अ‍ॅप तिला मिथुन ठरवतं. मासिकातली तूळ नि मोबाईलवरची मिथुन, दोन्ही तिला पटतात.

एकदा बाराही राशींची नावं कात्रीने कापून काढा, चिठ्ठ्या मिसळा आणि घरच्यांना आपापली रास निवडायला सांगा. वार गेल्या आठवड्याचे असू देत, म्हणजे काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक असेल. नुसत्या अंदाजाने बारांत एकदाच बरोबर येतं. पाच-सहा आठवडे मांडून ठेवा नि किती जुळले ते मोजा.