बादलीनंतरची माती: आमची वाटचाल

२०१९ च्या उन्हाळ्यात फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या मागील पडवीत आम्ही पती-पत्नींनी बोकाशीचा, म्हणजे ओला कचरा हवाबंद बादलीत आंबवण्याच्या पद्धतीचा, कोंडा तयार करायला घेतला, तेव्हा आमच्याकडे विकण्यासारख्या दोनच वस्तू होत्या: तळाशी नळ व आत जाळी असलेली घट्ट झाकणाची वीस लिटरची बादली, आणि तीत घालायचा कोंडा. ओकिनावातील प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणलेल्या जिवाणू-मिश्रणावर ही पद्धत आधारलेली आहे. दहा किलो गव्हाच्या कोंड्याला सुमारे साडेतीन लिटर पाणी, शंभर मिलिलिटर काकवी आणि तेवढेच या जिवाणू-मिश्रणाचे विरजण चोळून, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओला करून, आम्ही तो हवाबंद पिंपात दोन-तीन आठवडे ठेवतो आणि आंबूस-गोड वास आला की सावलीत वाळवतो.

बादलीचे काम लोकांना लवकर जमले. रोजचा ओला कचरा निथळून, बारीक करून, तीन-चार सेंटीमीटरचा थर झाला की त्यावर मूठभर कोंडा पसरायचा, वाटीने दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचे. बांगड्याची डोकी किंवा कोळंबीची साले असतील त्या दिवशी कोंडा दुप्पट घालावा, कारण मासळी कुजायला सर्वांत आधी सुरुवात होते आणि आम्लता त्याआधी वाढावी लागते. दर दोन-तीन दिवसांनी नळातून पाणी काढायचे. ते शंभरपट पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालता येते. बादली भरल्यावर ती दोन आठवडे न उघडता ठेवायची. उघडल्यावर लोणच्यासारखा आंबट वास आणि वर पांढरी बुरशी दिसली, तर काम साधले. काळी-हिरवी बुरशी किंवा सडका वास आला, तर झाकण सैल राहिले, कोंडा कमी पडला किंवा पातळ आमटी आत गेली, असे समजावे.

आमची खरी चूक यापुढची होती. बादलीतून निघणारा माल हे खत नव्हे, ते लोणचे असते: भाजीची साले ओळखू येतात, आकारमान फारसे घटत नाही आणि आम्लता एवढी असते की मुळांना लागले तर ती करपतात. ते मातीत मिसळल्यावर तेथील जीव आधी आम्ल खातात आणि मग उरलेले पदार्थ मोडतात, पण त्यासाठी हवा लागते. आम्ही मात्र ग्राहकांना केवळ 'खड्ड्यात पुरा' असे सांगत होतो.

पहिल्याच जुलैत डिचोलीतील एका ग्राहक ताईंचा फोन आला: "भाऊ, बादलीत लोणच्याचा वास होता, खड्ड्यात त्याचा गटाराचा झाला." जाऊन पाहिले तेव्हा माडाजवळच्या सखल जागेत खणलेला फूटभर खोल खड्डा पाण्याने भरलेला होता. आत हवा उरली नव्हती, आम्ल पाण्यात पातळ होऊन गेले होते आणि त्याने रोखून धरलेली मासळी आता कुजत होती. त्यांचे काहीच चुकले नव्हते; पावसाळ्यात खड्डा नको, हे आम्हीच सांगायला हवे होते.

तो माल उपसून आम्ही त्यांच्या पडवीत, तळाला भोके पाडलेल्या जुन्या टबात घातला. एक घमेले लोणच्याला दोन घमेली माती या प्रमाणात खालीवर नीट मिसळून, वर चार बोटे कोरडी माती पसरली आणि पावसाचे शिंतोडे येणार नाहीत पण वारा खेळेल असे पोते झाकले. आठवड्याने वास गेला. पाचव्या आठवड्यात काटे आणि अंड्यांची टरफले वगळता काही ओळखू येत नव्हते आणि हाताला ओल्या मातीचाच वास होता. त्यात त्यांनी मिरचीची रोपे लावली आणि ती जगली. करवंट्या व आंब्याच्या कोयी मात्र या पद्धतीत तशाच राहतात. त्या आधीच वेगळ्या काढाव्यात.

आमची मातीची पेटी म्हणजे त्या टबाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. फ्लॅटमधील ग्राहकांकडे माती नसते आणि जुलैत मिळते ती चिखलासारखी, म्हणून सुकी मासळी, सोले, मिरच्या यांच्या पुरुमेताबरोबर, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर, मे महिन्यातच चार-पाच पोती कोरडी, चाळलेली माती भरून ठेवावी, असे आम्ही प्रत्येक बादलीसोबत लिहून देतो. तयार झालेल्या पेटीतील निम्मी माती कुंड्यांत जाते आणि उरलेली निम्मी पुढच्या बादलीसाठी राहते. तिच्यात जीव आधीच वाढलेले असल्याने दुसऱ्या खेपेला काम बहुधा लवकर उरकते. उन्हाळ्यात ज्यांच्याकडे परसू आहे त्यांनी खड्डा जरूर करावा, मात्र माडाच्या बुंध्यापासून तीन-चार फूट दूर, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर निदान वीतभर माती दाबून.